आजोबा गेले, आणि एका क्रियापदाची चूक झाली

आजोबा गेले त्या दिवशी पहाटे साडेपाचला घरून फोन आला. मी म्युनिकमध्ये होते. तिकीट काढायचं होतं, रजा टाकायची होती, त्यामुळे आधी टीम लीडला ईमेल लिहिला. मनात दोनच शब्द होते, 'आजोबा गेले.' त्यांचं सरळ जर्मन केलं: 'माइन ग्रोसफाटर श्टार्प गेस्टर्न.' माझे आजोबा काल वारले. व्याकरण बरोबर, स्पेलिंग बरोबर. दहा मिनिटांत अतिशय सौजन्यपूर्ण उत्तर आलं आणि रजा मंजूर झाली.

परत आल्यावर हाम्बुर्गच्या एका सहकारी मैत्रिणीशी बोलताना हा ईमेल निघाला. ती थोडी घुटमळली आणि म्हणाली, "चूक काहीच नाही. पण वाचताना वाटलं की एखाद्या कादंबरीचं शेवटचं प्रकरण सुरू आहे. तू आम्हाला काहीतरी सांगते आहेस असं वाटलंच नाही."

तिच्या मते मी लिहायला हवं होतं 'इस्ट गेश्टॉर्बन'. म्हणजे 'श्टार्प' या साध्या भूतकाळाऐवजी दोन तुकड्यांचा भूतकाळ. जर्मनमध्ये पहिल्याला प्रेटेरिटुम म्हणतात, दुसऱ्याला पेर्फेक्ट. घटना तीच, दिवस तोच, माणूसही तोच. तरीही एका रूपातून माझं दुःख पोचलं असतं आणि दुसऱ्यातून ते गोष्टीतलं झालं. हे असं का होतं, याचा शोध घेता घेता मी गटेच्या एका अडीचशे वर्षांपूर्वीच्या कादंबरीच्या शेवटच्या वाक्यापाशी जाऊन थांबले. हा लेख त्या वाक्याबद्दल आहे, पण तिथपर्यंत पोचायला थोडी वाट चालावी लागेल.

आधी क्लासमध्ये शिकवतात तो नियम. बोलताना पेर्फेक्ट, लिहिताना प्रेटेरिटुम. जर्मन शिकलेल्या प्रत्येकाला हे वाक्य पाठ असतं. मी नियम पाळला होता. ईमेल हे लेखनच की! म्हणजे नियम पाळूनच मी फसले होते, आणि म्हणूनच मला त्या नियमाचा संशय आला.

तो पूर्ण खोटा नाही. दक्षिण जर्मनीत, ऑस्ट्रियात आणि स्वित्झर्लंडमध्ये रोजच्या बोलण्यातून प्रेटेरिटुम जवळजवळ नाहीसा झाला आहे. म्युनिकच्या बेकरीत 'तो गेला', 'तो आला' म्हणताना 'गिंग', 'काम' ही रूपं कानावर पडत नाहीत. 'इस्ट गेगांगन', 'इस्ट गेकॉमन' हीच पडतात. स्विस बोलीत तर 'मी होतो' यालासुद्धा साधा भूतकाळ उरलेला नाही. ते 'इ बी ग्सी' म्हणतात, शब्दशः 'मी आहे झालेला' अशासारखं काहीतरी. याचं एक जुनं स्पष्टीकरण असं : दक्षिणेत शब्दाच्या शेवटचा 'अ'सारखा हलका स्वर बोलताना गळू लागला. 'तो म्हणतो' म्हणजे 'एर झाग्ट' आणि 'तो म्हणाला' म्हणजे 'एर झाग्टं'. शेवटचा स्वर गेला की दोन्ही सारखेच ऐकू येणार. मग लोकांनी गोंधळ टाळायला दुसरं रूप जवळ केलं. हे पटण्यासारखं आहे, पण पुरेसं नाही. कारण 'काम' आणि वर्तमानकाळातलं 'कॉम्ट' यांच्यात असा काही गोंधळ नव्हता, तरी 'काम'ही गेलंच.

उत्तरेत मात्र चित्र मिश्र आहे, आणि स्विस बोली सोडली तर बहुतेक ठिकाणी काही क्रियापदांनी साधा भूतकाळ सोडलेला नाही. समजा कोणी ऑफिसात सांगतंय : काल मी डॉक्टरकडे होतो, दोन तास थांबावं लागलं, मग त्यांनी तपासलं आणि गोळ्या दिल्या. यात 'होतो' हे 'वार' असणार, 'लागलं' हे 'मुस्टं' असणार, म्हणजे दोन्ही प्रेटेरिटुम. पण 'तपासलं' आणि 'दिल्या' ही पेर्फेक्टमध्ये असणार. एकाच श्वासात दोन्ही, आणि बोलणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. असणं, जवळ असणं, शकणं, लागणं, हवं असणं ही क्रियापदं इतकी वारंवार लागतात की त्यांची छोटी रूपं टिकून राहिली. त्यांचा पेर्फेक्ट करायला गेलं तर वाक्याच्या शेवटी क्रियापदांची रांग लागते. त्यामुळे उत्तरेत कोणी बोलताना ही चार-पाच क्रियापदंही सर्रास पेर्फेक्टमध्ये घालत असेल तर तो बहुधा पुस्तकातला नियम जरा जास्तच मनावर घेतलेला विद्यार्थी आहे, नाहीतर दक्षिणेतला माणूस आहे, असं समजावं. उलट कोणी चॅटवर 'काल मी पिझ्झा खाल्ला' यासाठी 'आस' हे रूप वापरलं, तर समोरच्याला वाटतं की आता पिझ्झाची परीकथा सुरू होणार.

इथेच खरा धागा सापडतो. परीकथा. प्रश्न तोंडाने बोललं की हाताने लिहिलं याचा नाहीच. आपण गोष्ट सांगतोय, की समोरच्या माणसाशी आत्ताच्या एखाद्या विषयावर बोलतोय, हा प्रश्न आहे.

हाराल्ड वाइनरिश या जर्मन भाषाभ्यासकाने 1964 साली 'टेम्पुस' नावाच्या पुस्तकात हेच मांडलं. त्याचं म्हणणं असं की क्रियापदाचा काळ मुळात घड्याळाचा काळ दाखवतच नाही. ऐकणाऱ्याने कसं बसावं, हे तो सांगतो. काही काळ ऐकणाऱ्याला म्हणतात : मागे टेकून बस, ही सांगितलेली दुनिया आहे, तुला लगेच काही करायचं नाही. प्रेटेरिटुम त्यातला. काही काळ म्हणतात : सरसावून बस, ही चर्चेतली दुनिया आहे, यात तुझा आणि माझा संबंध आहे. पेर्फेक्ट त्यातला.

काळाचं रूप आणि घड्याळ वेगळे असतात हे ऐकायला विचित्र वाटतं, पण मराठी माणसाला ते नवं नाही. खालून रिक्षावाला हॉर्न वाजवतोय आणि आपण चप्पल शोधत ओरडतो, "आलोच!" रूप भूतकाळाचं आहे आणि घटना अजून घडायची आहे. जर्मन पेर्फेक्टही असाच उद्यावर जाऊन बसतो. 'उद्यापर्यंत मी हे लिहून टाकलंय' अशा अर्थाचं वाक्य ते सहज पेर्फेक्टमध्ये म्हणतात. आणि केटे हांबुर्गर हिने 1957 साली दाखवून दिलं की कादंबरीत प्रेटेरिटुमही 'उद्या'बरोबर नांदतो. आपल्याकडच्या कथेतही 'उद्या तिची परीक्षा होती' असं वाक्य आलं की कोणी अडखळत नाही. 'उद्या' आणि 'होती' यांचं भांडण होत नाही, कारण त्या 'होती'चं काम काळ सांगण्याचं नसून आपल्याला गोष्टीत बसवण्याचं आहे.

हे एकदा लक्षात आलं की जर्मन वर्तमानपत्र वेगळं दिसू लागतं. बातमीचं पहिलं वाक्य पुष्कळदा पेर्फेक्टमध्ये असतं : अमुक शहरात आग लागली आहे, इतके लोक जखमी झाले आहेत. दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यापासून प्रेटेरिटुम सुरू होतो : आग पहाटे लागली, शेजाऱ्यांनी धूर पाहिला. आधी वाचकाला हाक मारायची, मग त्याला बसवून हकीकत सांगायची. दोन्ही लेखनच आहे. 'लिहिताना प्रेटेरिटुम' हा नियम पहिल्याच वाक्यात मोडतो आणि कुणालाच ते खटकत नाही.

आता गटे.

'तरुण वेर्थरची दुःखं' ही कादंबरी 1774 साली आली. वेर्थर हा संवेदनशील तरुण. दुसऱ्याशी लग्न ठरलेल्या लोटेवर त्याचं प्रेम आहे. आपलं सगळं तो मित्राला पत्रांतून कळवतो आणि शेवटी आत्महत्या करतो. मेलेला माणूस पत्र लिहू शकत नाही, म्हणून शेवटचा भाग एका काल्पनिक 'संपादका'च्या तोंडी आहे. तो वेर्थरच्या अखेरच्या दिवसांची माहिती गोळा करून आपल्याला सांगतो. शेवटचा परिच्छेद दफनाचा आहे. वाक्यं तुटक, जवळजवळ कोरडी. लोटेचे वडील आणि भाऊ शवामागून चालले. तिच्या नवऱ्याला ते जमलं नाही. लोटेच्या जिवाची काळजी वाटत होती. कारागिरांनी शव नेलं. या सगळ्या वाक्यांची क्रियापदं प्रेटेरिटुममध्ये आहेत. मग येतं कादंबरीचं शेवटचं वाक्य. त्यात एवढीच माहिती आहे की सोबत कोणी धर्मगुरू नव्हता. आणि या वाक्याचं क्रियापद पेर्फेक्टमध्ये आहे : 'हाट बेग्लायटेट'.

जर्मन शिकणारी म्हणून मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, इथे काहीतरी घसरलं. लगेच आधीचं वाक्य 'ट्रूगन', म्हणजे नेलं, साधा भूतकाळ. त्याच मिरवणुकीतलं, त्याच रात्रीचं पुढचं वाक्य मात्र वेगळ्या काळात. कोड रिव्ह्यूमध्ये अशी विसंगती दिसली असती तर मी कमेंट टाकली असती.

पण ही चूक नाही, हे कळायला या वाक्याचा उगम पाहावा लागतो. 1772 च्या उन्हाळ्यात गटे वेत्स्लार नावाच्या गावी होता, तिथल्या साम्राज्याच्या मोठ्या न्यायालयात उमेदवारी करायला. तिथे तो शार्लोटं बुफ हिच्या प्रेमात पडला. तिचं लग्न योहान क्रिस्टियान केस्टनर या सज्जन माणसाशी ठरलेलं होतं. सप्टेंबरमध्ये गटे गाव सोडून निघून गेला. ऑक्टोबरच्या अखेरीस त्याच गावातल्या कार्ल विल्हेल्म येरुझालेम या तरुण अधिकाऱ्याने आत्महत्या केली. तोही एका विवाहित स्त्रीच्या प्रेमात होता. पिस्तुलं त्याने केस्टनरकडूनच मागून घेतली होती. प्रवासाला जायचं आहे, असं कारण सांगून.

गटेला सविस्तर हकीकत हवी होती. केस्टनरने ती एका लांबलचक पत्रात लिहून पाठवली, बारीकसारीक तपशिलांसह. त्या पत्रात दफनाचं वर्णन आहे. न्हाव्याकडच्या कामगारांनी शव नेलं, आणि कोणी धर्मगुरू सोबत नव्हता. केस्टनरने ही दोन्ही वाक्यं पेर्फेक्टमध्ये लिहिली आहेत : 'हाबन गेट्रागन' आणि 'हाट बेग्लायटेट'. दोन वर्षांनी गटेने कादंबरी लिहिताना ही दोन्ही वाक्यं उचलली. न्हाव्याकडच्या कामगारांचे त्याने कारागीर केले, आणि त्यांचं क्रियापद बदलून प्रेटेरिटुममध्ये नेलं : 'ट्रूगन'. दुसरं वाक्य मात्र त्याने पेर्फेक्टमध्येच राहू दिलं.

म्हणजे दोन वाक्यं शेजारी शेजारी होती. एकाला त्याने गोष्टीचे कपडे चढवले, दुसऱ्याला नाही. नुसती नक्कल असती तर दोन्ही तशीच राहिली असती. भाषा एकसारखी करण्याची आवड असती तर दोन्ही बदलली असती.

याने काय साधलं? 'ट्रूगन'पर्यंत आपण वाइनरिशने सांगितल्याप्रमाणे मागे टेकून बसलेले असतो. वाईट घडतंय, पण ते गोष्टीत घडतंय. त्या काळी आत्महत्या करणाऱ्याला चर्चचे अंत्यविधी नाकारले जात. ही गोष्ट जर प्रेटेरिटुममध्ये आली असती तर ती दृश्याचा एक तपशील झाली असती : रात्र होती, कंदील होते, धर्मगुरू नव्हता. पेर्फेक्टमध्ये ती येते तेव्हा गोष्ट सांगणारा संपादक मान वर करून आपल्याकडे बघतो. हे घडलं आहे. याचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. तो टीका करत नाही, एक विशेषणसुद्धा वापरत नाही. आरोप सगळा क्रियापदाच्या रूपात आहे. आणि तिथेच पुस्तक संपतं, पुढे पुन्हा मागे टेकायला जागाच ठेवलेली नाही.

यावर एक आक्षेप मीच घेते. अठराव्या शतकात हे दोन्ही काळ लेखनात बरेच मिसळत. केस्टनरच्या त्याच पत्रात, याच दोन वाक्यांच्या मध्ये क्रूस पुढे नेल्याचा उल्लेख आहे, आणि तो साध्या भूतकाळात आहे. शिवाय गटे फ्रांकफुर्टचा. तिथल्या बोलण्याचा ओढा पेर्फेक्टकडे. मग हे शेवटचं वाक्य म्हणजे निव्वळ बोलीची सवय कशावरून नाही? केस्टनरच्या बाबतीत मी हा आक्षेप मान्य करेन. मित्राला घाईने लिहिलेल्या पत्रातल्या प्रत्येक क्रियापदात हेतू शोधू नये. पण गटेच्या परिच्छेदात ओळीने सगळी क्रियापदं प्रेटेरिटुममध्ये आहेत आणि एकच वेगळं आहे. सवयीचा परिणाम असता तर तो वर कुठेतरीही दिसला असता. तो दिसतो फक्त शेवटच्या ओळीत, आणि शेवटची ओळ लेखक डोळे मिटून लिहीत नाही.

मग मी हे वाक्य मराठीत कसं येईल याचा विचार करू लागले. गंमत म्हणजे, शब्द सोपे असूनही क्रियापद सुटेना. 'धर्मगुरू नव्हता' म्हटलं की दृश्याचं वर्णन होतं. 'आला नाही' म्हटलं की घटना सांगून संपते. आपला साधा भूतकाळ दोन्ही घरी राहतो. 'आजोबा गेले' हे फोनवरही म्हणतात आणि कथेतही. म्हणूनच माझ्या ईमेलचा घोटाळा झाला. मराठीतलं 'गेले' मी जर्मन साध्या भूतकाळात नेलं, पण जर्मन साधा भूतकाळ एकाच घरी राहतो.

मराठीत त्या पेर्फेक्टच्या जवळ जाणारं रूप मला सापडलं ते अगदी अनपेक्षित ठिकाणी, सरकारी भाषेत. 'अर्जदाराने शुल्क भरलेले नाही.' 'दरवाज्याचे कुलूप तोडलेले आहे.' पंचनाम्यात, नोटिशीत 'भरले नाही' असं न लिहिता 'भरलेले नाही' लिहितात, कारण ती गोष्ट सांगायची नसते, नोंदवायची असते. आजच्या तारखेला ही स्थिती आहे आणि तिची जबाबदारी कुणावर तरी आहे, असं त्या 'लेले'मध्ये येतं. जर्मन पेर्फेक्टचा जन्मही असाच आहे. 'माझ्याकडे पत्र लिहिलेलं आहे' अशा रचनेतूनच तो पुढे 'मी पत्र लिहिलं' या अर्थापर्यंत आला. म्हणून वेर्थरच्या शेवटच्या ओळीसाठी माझं मत 'आलेला नाही' या रूपाला. ते कानाला थोडं रुक्ष लागेल, कादंबरीच्या शेवटी एकदम पंचनामा आल्यासारखं. पण मूळ वाक्यही तिथे साक्षीदारासारखंच उभं आहे.

गोष्टीची खास रूपं मात्र आपल्याकडेही आहेत. 'तो रोज नदीवर जात असे' हे वाक्य आपण वाचतो, कधीमधी लिहितो, पण चहा पिताना म्हणत नाही. तिथे 'तो रोज नदीवर जायचा' येतं. कोणी व्हॉट्सॲपवर 'मी पूर्वी त्या जिममध्ये जात असे' लिहिलं तर आपण हसू. माझ्या मैत्रिणीला 'श्टार्प' वाचून जे वाटलं ते जर्मन न येणाऱ्या मराठी माणसाला समजवायचं असेल, तर हा 'असे' सगळ्यात जवळचा आहे. माहिती बरोबर, पण आवाज पुस्तकाचा.

त्यामुळे आता मी नियम बदलून घेतला आहे. भूतकाळातलं काही लिहिताना आधी विचारते : हे वाचून समोरच्याने मला काही म्हणावं, करावं, अशी माझी अपेक्षा आहे का? असेल तर पेर्फेक्ट, मग ते कागदावर असो की फोनवर. त्याने फक्त ऐकत बसावं अशी इच्छा असेल तर प्रेटेरिटुम. आणि 'होतो', 'लागलं', 'शकलो' वगैरे मंडळींना या प्रश्नातून सूट.

गेल्या हिवाळ्यात जर्मनच्या संध्याकाळच्या वर्गात आम्हाला घरातल्या एका माणसाबद्दल दोन पानं लिहायला सांगितली. मी आजोबांवर लिहिलं. सायकलवरून गिरणीत जाणं, पगाराच्या दिवशी आणलेली जिलबी, निवृत्तीनंतरचं रेडिओ दुरुस्त करत बसणं. सगळं प्रेटेरिटुममध्ये. शेवटी त्यांच्या जाण्याचं वाक्य आलं तेव्हा मी पेन थांबवून विचार केला आणि 'श्टार्प' लिहिलं. बाईंनी तपासताना दोन ठिकाणी लाल खुणा केल्या, एक विभक्तीची आणि एक स्वल्पविरामाची. त्या शब्दाला त्यांनी हात लावला नाही.